पहिलं कार्ड का बाद झालं: जन्मजात हायपोथायरॉइडिझमचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, तारखा आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. हे बाळ पुढे उपचारांसाठी माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी एक लहान खासगी प्रसूतिगृह आहे. तिथे जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते गाळणकागदाच्या कार्डावर टिपतात आणि वाळवलेलं कार्ड कुरिअरने मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवतात. जन्मजात हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच पुरेसं काम करत नसणं, हा त्या चाचणीत वारंवार सापडणाऱ्या आजारांपैकी एक. भारतात झालेल्या बहुकेंद्री पाहणीत तो साधारण अकराशे-बाराशे बाळांत एकाला आढळला. अशा लहान प्रसूतिगृहातसुद्धा काही वर्षांत एखादं बाळ येणारच, इतकं हे प्रमाण मोठं आहे.

बाळंतीण दुसरेपणाची, माहेरी आलेली. नवरा मुंबईत एका कारखान्यात पाळीने काम करणारा. जुलैतल्या एका संध्याकाळी ३९ आठवडे पूर्ण झालेली, २ किलो ९०० ग्रॅम वजनाची मुलगी नैसर्गिक प्रसूतीने जन्मली. लगेच रडली, तासाभरात अंगावर प्यायली. बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीत काही वावगं दिसलं नाही, आणि दिसणारही नव्हतं. या आजाराच्या बहुतेक बाळांत जन्मतः काहीच लक्षण नसतं, कारण आईचं थायरॉक्सिन वारेतून बाळापर्यंत पोचलेलं असतं आणि पहिले काही दिवस तीच शिदोरी पुरते. गर्भारपणात आईची थायरॉइडची तपासणी नॉर्मल आली होती. त्यामुळे घरच्यांना नंतर वाटलं की आपली फसवणूक झाली. पण आईची ग्रंथी चांगली असल्याचा आणि बाळाची ग्रंथी जागेवर तयार झाल्याचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पहिला निर्णय: घरी जायची घाई आणि ४८ तास

दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्यांनी घरी सोडायला सांगितलं. लावणीचे दिवस, घरात मोठा मुलगा एकटा, आणि नदीला पाणी चढायच्या आत पलीकडे जायचं होतं. बाळ तेव्हा २२ तासांचं होतं.

टाचेचा नमुना ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घ्यावा, हे सिस्टरना पाठ होतं. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं. पण जन्मल्यावर अर्ध्या तासात ते बाळाच्या रक्तात एकदम उसळतं आणि निरोगी बाळातही ६०-८० पर्यंत जातं. थंड हवेत आल्याचा तो शरीराचा प्रतिसाद असतो. पुढच्या दिवसभरात आकडा झपाट्याने उतरतो, मग सावकाश. म्हणून पहिल्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात निरोगी बाळंसुद्धा आजारी असल्यासारखी दिसतात आणि विनाकारण परत बोलवावी लागतात.

त्या दुपारी तीन वाटा होत्या. एक, आईला आणखी दीड दिवस ठेवून घेणं. घरच्यांनी साफ नकार दिला आणि त्यांची कारणं खरी होती. दुसरी, नमुना न घेता ‘परवा बाळाला घेऊन या’ असं सांगणं. त्या पावसात, नदीपलीकडून, कुणी परत आलं नसतं. तिसरी, जो मिळतोय तो नमुना आत्ताच घेणं, कार्डावर जन्माची आणि नमुन्याची नेमकी वेळ लिहिणं आणि आठवड्याभरात दुसरं कार्ड घ्यायचं ठरवणं. सिस्टरनी तिसरी वाट धरली.

या निर्णयावर पुढे बरीच टीका झाली. माझ्या मते तो बरोबर होता. लवकर घेतलेल्या कार्डात टीएसएचच्या बाबतीत चूक बहुतेक एकाच दिशेला होते: निरोगी बाळ संशयित ठरतं. ग्रंथीच नसलेलं किंवा अगदी अपुरी असलेलं बाळ २२ व्या तासालाही शंभरीच्या आसपासचा आकडा दाखवतं. ते निसटण्याची शक्यता फार कमी. चयापचयाच्या काही आजारांचं गणित याच्या उलट आहे. बाळाच्या पोटात पुरेसं दूध गेलेलं नसताना नमुना घेतला तर फिनाइलकीटोन्यूरियासारखा आजार खोटा ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून दुसरं कार्ड हवंच होतं. पण हायपोथायरॉइडिझमपुरतं बोलायचं तर ते पहिलं कार्ड शाबूत पोचलं असतं, तर या मुलीचं निदान जवळजवळ नक्कीच पहिल्या आठवड्यात झालं असतं.

अडचण: कार्ड पोचलं, पण तपासण्याजोगं नव्हतं

सहाव्या दिवशी प्रयोगशाळेने नोंद केली: ‘नमुना अयोग्य, पुन्हा पाठवावा.’ कार्डाचा फोटो मी नंतर पाहिला. दोन वर्तुळांत रक्ताभोवती फिकट पिवळसर कडं होतं. एका वर्तुळात थेंबावर थेंब दिल्याने गडद, गोठलेला डाग होता. उरलेली दोन वर्तुळं एकमेकांकडे पसरली होती आणि कागद लाटेसारखा वाकला होता.

प्रत्येक खुणेमागे वेगळं कारण असतं. पिवळसर कडं येतं ते टाच पुसलेलं स्पिरिट न वाळता टोचल्यामुळे, किंवा रक्त येत नाही म्हणून टाच पिळल्यामुळे. पिळली की ऊतींमधला द्राव रक्तात मिसळतो. थेंबांचे थर होतात ते पहिल्या थेंबाने वर्तुळ भरलं नाही म्हणून वर दुसरा दिल्याने. सिस्टर म्हणाल्या, “टाच गार होती, रक्तच उतरेना. बाहेर रिक्षा उभी होती.” टाच कोमट ओल्या फडक्याने तीन ते पाच मिनिटं शेकली असती तर बहुधा एकाच टोचणीत काम झालं असतं. फडकं ४२ अंशांपेक्षा गरम नसावं, एवढं पाहायचं.

हे प्रयोगशाळेला इतकं का खटकतं, हे कार्ड कसं वापरतात ते पाहिलं की कळतं. यंत्र वर्तुळातून ३.२ मिलिमीटर व्यासाची चकती कापतं आणि त्या चकतीत रक्ताचं ठरावीक प्रमाण आहे असं धरूनच आकडा काढतं. थर असतील तर चकतीत रक्त जास्त, द्राव मिसळला असेल किंवा डाग पसरला असेल तर कमी. आकडा तरीही येतोच, फक्त त्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून चांगली प्रयोगशाळा असं कार्ड तपासतच नाही.

आणि सगळ्यात मोठा घात ओलाव्याने केला होता. कार्ड किमान तीन-चार तास, उन्हापासून दूर, आडवं, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं वाळवायचं असतं. इथे ते टेबलावर, खाली वर्तमानपत्र घालून, तासाभर ठेवलं होतं. वर्तमानपत्राला टेकलेल्या बाजूने रक्त खाली शोषलं गेलं. संध्याकाळी कुरिअरवाला आला तेव्हा वरून कोरडं दिसलं, म्हणून ते चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद केलं. ‘पावसात भिजू नये म्हणून,’ असं कारण होतं. हेतू चांगला होता. पण कागदात उरलेली ओल पिशवीतच कोंडली गेली आणि घाट बंद असल्याने पाकीट तीन दिवस तसंच पडून राहिलं. जुलैच्या कोकणात कागदी पाकीटही आपोआप कोरडं राहत नाही हे खरं. पण ओलं कार्ड हवाबंद केलं की वाळायची शेवटची संधीही जाते. आधी पूर्ण वाळवावं, मग कागदी पाकिटात घालावं, आणि बाहेरून प्लास्टिक घालायचंच असेल तर आत ओल शोषणारी पुडी टाकावी, हा क्रम आहे.

हरवलेले दोन दिवस

प्रयोगशाळेने सहाव्या दिवशी फोन लावला तो कार्डावरच्या एकमेव नंबरला. तो बाळाच्या वडिलांचा होता. ते रात्रपाळीला होते, अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही. प्रसूतिगृहाचा दूरध्वनी पावसाने बंद होता. ई-मेल आला होता, पण तो पाहणारी व्यक्ती रजेवर. आठव्या दिवशी वडिलांनी स्वतःहून उलटा फोन केला तेव्हा निरोप पोचला, आणि तोही “रक्त पुन्हा द्यायचंय” एवढाच. मुंबईहून त्यांनी सासुरवाडीला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, “इतकी गुणी पोर. रडत नाही, उठवलं तरच पिते. तिला कशाला पुन्हा टोचायचं?”

गाडी पुढे सरकली ती आशाताईंमुळे. नवजात बाळाच्या गृहभेटीत सातव्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं होतं: कावीळ अजून आहे, दोन दिवस शी नाही, बेंबी फुगते. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ, आणि पहिल्या आठवड्यात कितीतरी निरोगी बाळांत दिसणारी. पुन्हा नमुन्याचा निरोप कळला तेव्हा मात्र त्यांनी स्वतः रिक्षा ठरवली आणि नवव्या दिवशी आई-बाळाला प्रसूतिगृहात घेऊन आल्या.

दुसरं कार्ड

या वेळी घाई नव्हती. टाच शेकली, स्पिरिटने पुसून हवेवर वाळू दिली. बेटाडीन वापरलं नाही, कारण त्यातलं आयोडीन बाळाच्या थायरॉइडला काही काळ दाबू शकतं. टोचलं ते टाचेच्या तळव्याकडच्या भागात, बाहेरच्या कडेला. मधोमध किंवा मागच्या गोलाईवर टोचत नाहीत, तिथे हाड फार जवळ असतं. लॅन्सेट दोन मिलिमीटरपेक्षा खोल जाणारं नव्हतं. पहिला थेंब निर्जंतुक गॉझने टिपून टाकला. पुढचा थेंब मोठा होऊ दिला आणि कार्ड त्याला हलकेच टेकवलं. कागद मागून पूर्ण लाल झाला की पुढचं वर्तुळ. एकाच बाजूने, एका वर्तुळाला एकच थेंब. मग दोन रिकाम्या खोक्यांच्या कडांवर कार्ड आडवं ठेवलं, म्हणजे रक्ताची वर्तुळं अधांतरी राहतील, आणि रात्रभर वाळवलं. सकाळी डाग विटकरी तपकिरी झाले होते. हीच वाळल्याची खूण. लाल चकाकी उरली असेल तर थांबायचं.

आणखी एक मोह टाळला गेला. बाळाचं बिलिरुबिन तपासायला शिरेतून रक्त घ्यायचंच होतं. “त्याच जांभळ्या झाकणाच्या बाटलीतलं कार्डावर टाकू का?” असं मदतनीसाने विचारलं. त्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून असलेलं ईडीटीए काही चाचणीपद्धतींत ढवळाढवळ करतं आणि टीएसएच खोटं कमी दाखवू शकतं. सिस्टर नाही म्हणाल्या.

आकड्याचा अर्थ: ३६ म्हणजे किती?

बाराव्या दिवशी संध्याकाळी संदेश आला: टीएसएच ३६. प्रसूतिगृहाच्या भिंतीवर भारतीय बालअंतःस्रावतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांवरून केलेला तक्ता होता. त्यात ४० च्या वर असेल तर ताबडतोब शिरेतला नमुना आणि उपचार, २० ते ४० असेल तर सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा तपासणी. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ३६ पाहून नोंद केली: ‘सौम्य वाढ, आठवड्याने पुन्हा.’

या प्रकरणातलं खरं धोक्याचं वळण हे होतं. तक्त्यातले आकडे रक्तद्रवाच्या एककात आहेत. प्रयोगशाळेचा आकडा पूर्ण रक्ताच्या एककात होता. कार्डावर सगळं रक्त असतं, त्यातली निम्म्याच्या आसपासची जागा लाल पेशींनी व्यापलेली, आणि टीएसएच फक्त द्रवभागात. म्हणून पूर्ण रक्तातला आकडा साधारण २.२ ने गुणला की रक्तद्रवातला मिळतो. ३६ गुणिले २.२ म्हणजे ७९. शिवाय बाळ २२ तासांचं नव्हतं, नऊ दिवसांचं होतं. त्या वयात निरोगी बाळाचा आकडा दहाच्या आत आलेला असतो.

मला फोन आला तो सल्ला घ्यायला नाही, ‘एक सौम्य केस आहे, पुढच्या आठवड्यात पाठवतो’ हे कळवायला. मी अहवालाचा फोटो मागितला. एकक अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

थांबायचं की सुरू करायचं

तेराव्या दिवशी सकाळी बाळ माझ्याकडे आलं. वजन तीन किलो, मागची टाळू नेहमीपेक्षा रुंद, त्वचा कोरडी, आवाज घोगरा. दुपारपर्यंत शिरेतला नमुना गेला. त्याचा अहवाल यायला दीड-दोन दिवस लागणार होते. बाळाची ग्रंथी नेमकी कुठे आहे हे पाहणारा किरणोत्सारी स्कॅन आमच्या जिल्ह्यात होत नव्हता.

अहवाल येईपर्यंत थांबावं, असं बाळाच्या मामांचं मत होतं. गोळी जन्मभराची असेल तर आधी खात्री करा, हे म्हणणं चुकीचं नव्हतं. मी त्यांना दोन बाजू सांगितल्या. आजार नसताना दोन दिवस गोळी दिली तर बाळाचं काही बिघडत नाही. आजार असताना आठवडा गेला तर तो भरून निघत नाही, कारण पहिली दोन-तीन वर्षं मेंदूच्या जोडण्या आणि मज्जातंतूंवरचं आवरण तयार व्हायला थायरॉइडचं संप्रेरक लागतं, आणि त्यातले पहिले आठवडे सर्वात मोलाचे. पहिल्या दोन आठवड्यांत पुरेशा मात्रेत उपचार सुरू झाले तर बहुतेक मुलं शाळेत इतरांच्या बरोबरीने चालतात. तीन महिन्यांनंतर सुरू झाले तर बाळाची वाढ सुधारते, कावीळ-बद्धकोष्ठ जातं, पण बुद्धीचं नुकसान बऱ्याचदा राहून जातं. स्कॅनबद्दलही हाच हिशेब: तो ग्रंथी कुठे आहे ते सांगतो, आज गोळी द्यायची की नाही हे त्याच्यावर अवलंबून नसतं. म्हणून रक्त घेतल्याबरोबर, त्याच दुपारी पहिली मात्रा दिली.

ही गोळी लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाचीच. तिची मात्रा किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम. तीन किलोला ३७.५, म्हणजे २५ ची दीड गोळी. गोळी चमच्यात चुरडून थोड्या अंगावरच्या दुधात कालवायची आणि लगेच पाजायची. आजींनी विचारलं, “गुटीत उगाळून दिली तर?” नको म्हटलं. उगाळल्याने किती पोटात गेली ते कळत नाही आणि सहाणेवर राहते ती वेगळीच. बाटलीभर दुधातही नको, बाळाने अर्धं टाकलं तर मात्रा अर्धी. लोह किंवा कॅल्शियमचे थेंब पुढे सुरू होतील तेव्हा त्यांत आणि गोळीत काही तासांचं अंतर ठेवायचं. आणि बाटली चुलीच्या फळीवर ठेवायची नाही, कारण ही गोळी उष्णता, उजेड आणि दमटपणा या तिन्हींनी कमजोर होते.

दोन दिवसांनी अहवाल आला: टीएसएच १०० च्या वर, फ्री टी-४ म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन ०.४, त्या वयाला हव्या असलेल्या पातळीच्या निम्म्याहूनही कमी. सोनोग्राफीत गळ्यात नेहमीच्या जागी ग्रंथी दिसली नाही.

परिणाम

दोन आठवड्यांनी फ्री टी-४ अपेक्षित पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात आलं, टीएसएच दहाच्या जवळ उतरलं. आईच्या लक्षात राहिलं ते वेगळंच: “आता रात्री उठून रडते.” पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला रक्त तपासलं आणि वजनाप्रमाणे मात्रा वाढवली. एकदा फ्री टी-४ वर गेलं, बाळ चिडचिडं झालं, मात्रा थोडी उतरवली. जास्त मात्राही निरुपद्रवी नसते, तिने हाडांचं वय पुढे पळतं. या आजारात ऐकण्याचा दोष जरा जास्त आढळतो म्हणून कानांची चाचणी केली, ती नॉर्मल आली.

दीड वर्षाची असताना ती चालत होती, सात-आठ शब्द बोलत होती. तीन वर्षांनी, मेंदूच्या नाजूक काळातून बाहेर आल्यावर, काही मुलांत गोळी महिनाभर थांबवून आजार तात्पुरता होता का ते पाहतात. हिच्या गळ्यात ग्रंथी दिसलेली नाही. त्यामुळे ती आशा मी घरच्यांना दाखवलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्रसूतिगृहातल्या चर्चेत पहिला ठराव आला तो ‘४८ तासांच्या आत कुणालाही सोडायचं नाही.’ मी त्याला विरोध केला. तो नियम लावणीच्या दिवसांत एक आठवडाही टिकला नसता, आणि इथे आठ दिवस गेले ते वेळेमुळे गेलेच नव्हते. ज्यांना लवकर जावं लागणार हे प्रसूतीआधीच दिसतं, त्यांच्यासाठी नाळेतलं रक्त टीएसएचसाठी घेणं हा मान्य पर्याय आहे. ते जन्मानंतरच्या उसळीआधीचं असतं, टोचावं लागत नाही, पण चयापचयाच्या आजारांसाठी त्याचा उपयोग नाही. हा पर्याय त्यांनी स्वीकारला.

कार्ड वाळवायला आता लाकडी खाचांची पट्टी आहे. सुताराने ती तासाभरात करून दिली. कार्ड टोचण्याच्या खोलीत न ठेवता औषधांच्या खोलीत रात्रभर वाळतं आणि कुरिअर दुसऱ्या दिवशी सकाळी जातं. नमुना २४ तासांच्या आत निघावा या अपेक्षेत ते बसतं. पाकीट भरण्याआधी सिस्टर कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढतात. खराब कार्ड तिथेच कळलं तर बाळ अजून हाताशी असतं.

संपर्काच्या रकान्यात तीन गोष्टी लिहितात: माहेरचा नंबर, सासरचा नंबर, आशाताईंचा नंबर. चाकरमान्यांच्या मुलखात वडिलांचा नंबर सर्वात कमी उपयोगाचा ठरतो. हे आधीच सुचायला हवं होतं असं सगळेच म्हणतात, पण छापील कार्डावर रकाना एकच होता आणि आपण छापील रकान्याचं ऐकतो.

भिंतीवरचा तक्ता बदलला. आता त्यात दोन स्तंभ आहेत, पूर्ण रक्ताचा आणि रक्तद्रवाचा. पूर्ण रक्तात साधारण ९ ला पुन्हा तपासणी, १८ ला तातडीचा फोन. प्रयोगशाळेला मात्र एकक आकड्याच्या शेजारीच, ठळक अक्षरांत छापा अशी विनंती दोनदा केली आहे. अजून ते तळाशीच येतं.